कार्ड फॉरमॅट झालंय? फोटो अजून तिथेच असू शकतात

रविवारी रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, कार्ड रिकामं दिसतंय. नांदूरमधमेश्वरचे सगळे फोटो गेले."

शनिवारी पहाटे तो निफाडकडे निघाला होता. दिवसभर पाणथळीच्या काठावर बसून त्याने चक्रवाक आणि जांभळ्या पाणकोंबड्या टिपल्या. घरी आल्यावर कार्ड लॅपटॉपवर उतरवायचं राहिलं. त्याच्याकडे ३२ जीबीची दोन सारखीच काळी कार्डं आहेत, एक उतरवून झालेलं आणि एक हे. रविवारी संध्याकाळी गोदाघाटावर जाण्याआधी त्याने कॅमेऱ्यातून फॉरमॅट केलं ते नेमकं हे. घाटावर १४ फोटो काढल्यावर आदल्या दिवशीचं काहीतरी बघायला मागे गेला, तेव्हा लक्षात आलं.

मी त्याला एवढंच सांगितलं : "कॅमेरा बंद कर, कार्ड बाहेर काढ, आणि मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस." तुमच्या बाबतीत असं झालं तर तुम्हीही आधी हेच करा. बाकी सगळं सावकाश, उद्या केलं तरी चालतं.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय होतं

कार्डावर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष फोटो, आणि दुसरी म्हणजे कोणता फोटो कुठून कुठपर्यंत आहे याची यादी. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखीच ही यादी. कॅमेऱ्यातलं नेहमीचं फॉरमॅट फक्त अनुक्रमणिकेची पानं कोरी करतं. आतले धडे छापलेले तसेच राहतात. म्हणून ३२ जीबीचं कार्ड दोन-तीन सेकंदात फॉरमॅट होतं. सगळी ३२ जीबी खरोखर पुसायची तर त्याला काही मिनिटं लागली असती.

मात्र यादी कोरी झाल्यामुळे कॅमेऱ्याच्या हिशेबी सगळं कार्ड मोकळं असतं. पुढचा फोटो तो सुरुवातीपासून लिहायला घेतो, आणि त्या जागी जुना फोटो असेल तर तो खरोखर नाहीसा होतो. त्याला परत आणणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही आणि कुठलंही दुकान नाही. भाच्याचे १४ फोटो साधारण ९ एमबीचे होते, म्हणजे कार्डाच्या सुरुवातीचे सव्वाशे एमबी गेले. शनिवारचे पहिले १४-१५ फोटो वाचणार नाहीत हे त्याच्या घरी जातानाच मला माहीत होतं, आणि दारातच मी त्याला ते सांगितलं. खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं.

काही वेळा फॉरमॅट खरोखर सगळं पुसतं. कॅननच्या कॅमेऱ्यांत फॉरमॅटच्या पडद्यावर Low level format असा चौकोन असतो. त्यावर खूण करून फॉरमॅट केलं असेल तर आशा सोडावी लागते. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना Quick Format ची खूण काढली असेल तरी तेच, कारण विस्टापासून पुढचं विंडोज पूर्ण फॉरमॅट करताना सगळीकडे शून्यं लिहितं. तुमच्या कार्डाचं काय झालंय हे तपासायची सोपी युक्ती पुढे येतेच.

कार्ड कॉम्प्युटरला लावण्याआधी

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला छोटी पट्टी असते, ती खाली LOCK कडे सरकवा. मायक्रो एसडी असेल तर ते अडॅप्टरमध्ये घाला, अडॅप्टरला ही पट्टी असते. एक लक्षात ठेवा, ही पट्टी कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते. ती फक्त रीडरला सांगते की लिहू नकोस, आणि काही रीडर ते ऐकत नाहीत. तेव्हा पट्टी लावा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

कॅमेरा केबलने जोडू नका, कार्ड रीडर वापरा. केबलने जोडल्यावर कॅमेरा स्वतःच्या यादीतले फोटो दाखवतो, आणि यादी तर कोरी आहे. आपल्याला कार्डाचा कच्चा मजकूर वाचायचाय, आणि तो रीडरमधूनच मिळतो.

कार्ड लावल्यावर विंडोजने फॉरमॅट करायचं का असं विचारलं, तर Cancel. दुरुस्ती करू का असं विचारलं तरी नाहीच. मग This PC मध्ये कार्डाचा आकार बघा. ३२ जीबीचं कार्ड तिथे २९ जीबीच्या आसपास दिसतं, ते बरोबर आहे. आकारच दिसत नसेल किंवा कार्ड मधूनच गायब होत असेल, तर तो फॉरमॅटचा प्रश्न नाही, कार्डच बिघडलंय. तिथे थांबा, कारण पुढे जेवढं वाचत बसाल तेवढं ते आणखी बिघडण्याची शक्यता असते.

आधी कार्डाची हुबेहूब नक्कल

नवखा माणूस ही पायरी टाळतो, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. थेट कार्डावर शोध चालवायचा नाही. कार्डाचा बाइट अन् बाइट एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, कार्ड डबीत ठेवून द्यायचं, आणि पुढचे सगळे प्रयोग त्या फाइलवर करायचे. काही चुकलं तरी मूळ कार्ड जसंच्या तसं राहतं.

यासाठी TestDisk नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते cgsecurity.org वरून उतरवा. त्याच झिप फाइलमध्ये फोटो शोधणारं PhotoRec पण येतं, त्यामुळे एवढं एकच पुरतं. इन्स्टॉल करायची गरज नाही, झिप उघडून फोल्डर डिस्कवर ठेवला की झालं. डिस्कवर जागा मात्र भरपूर हवी. ३२ जीबीच्या कार्डाला ३२ जीबी नकलेला आणि जवळपास तेवढीच परत आलेल्या फोटोंना, म्हणजे ६० जीबीच्या वर मोकळी ठेवा. लॅपटॉपवर जागा नसेल तर बाहेरची हार्ड डिस्क घ्या.

आता `testdisk_win.exe` वर उजवी टिचकी मारून Run as administrator करा. काळा पडदा येईल. इथे माउस चालत नाही, बाणांची बटणं आणि एंटर वापरायचे. पहिल्या पडद्यावर No Log निवडा. मग डिस्कांची यादी येते, तिच्यातलं तुमचं कार्ड आकारावरून ओळखायचं. लॅपटॉपची डिस्क ५१२ जीबी वगैरे असेल आणि कार्डासमोर 32 GB / 29 GiB असं काहीतरी दिसेल. Proceed करा. पुढे विभागाचा प्रकार विचारतो, तो जो आपणहून सुचवेल तोच ठेवा. मग Advanced मध्ये जा, कार्डाच्या ओळीवर थांबा, आणि खालच्या पर्यायांतून Image Creation निवडा. कुठे ठेवायचं हे फोल्डर दाखवून सांगायचं, आणि योग्य फोल्डरमध्ये पोचलात की C दाबायचं. तिथे `image.dd` नावाची फाइल तयार होते.

या कार्यक्रमात Write आणि Boot असेही पर्याय आहेत. ते डिस्कवर लिहू शकतात. तुम्हाला त्यांचं काही काम नाही, तिकडे जाऊ नका.

वेळ रीडरवर अवलंबून. जुना यूएसबी २ रीडर सेकंदाला वीसेक एमबी वाचतो, म्हणजे ३२ जीबीला जवळपास अर्धा तास. भाच्याकडे तोच होता. बहिणीने तेवढ्यात पोहे केले.

नक्कल झाली की कार्ड काढून ठेवा. आता ती मघाची युक्ती. HxD नावाचं फुकट हेक्स एडिटर आहे, त्यात `image.dd` उघडा आणि सरकपट्टी वेगवेगळ्या ठिकाणी ओढून बघा. सगळीकडे नुसतं `00 00 00` किंवा `FF FF FF` दिसलं तर कार्ड खरोखर पुसलं गेलंय, पुढच्या पायऱ्या करण्यात अर्थ नाही. अस्ताव्यस्त आकडे आणि अक्षरं दिसली तर आत काहीतरी आहे. भाच्याने मधोमध ओढलं, पडदा आकड्यांनी भरला, आणि तो पहिल्यांदा खुर्चीत नीट बसला.

फोटो शोधणं

त्याच फोल्डरमधलं `qphotorec_win.exe` उघडा. हे खिडकीवालं आहे, माउस चालतो. वर डिस्क निवडायच्या यादीत शेवटी Add a raw disk image असं असतं. ते निवडून आपली `image.dd` दाखवा. खाली ओळी दिसतील, त्यातली No partition किंवा Whole disk लिहिलेली ओळ घ्या.

फाइल सिस्टमच्या प्रकारात FAT/NTFS असलेला पर्याय ठेवा, कॅमेऱ्याचं कार्ड त्यातच बसतं. मग Free आणि Whole असे दोन पर्याय आहेत. Whole घ्या, म्हणजे कुठलाही कोपरा सुटत नाही. File Formats बटण दाबून आधी सगळ्या खुणा काढून टाका, आणि फक्त लागणाऱ्या ठेवा : `jpg` हवंच. निकॉनच्या एनईएफ किंवा कॅननच्या सीआर२ रॉ फाइली `tif` च्या खाली येतात, म्हणून तीही खूण करा. हे न कळल्याने रॉ फोटो मिळत नाहीत असं म्हणणारे बरेच भेटतात. व्हिडिओ असेल तर `mov`. सगळ्या खुणा तशाच ठेवल्या तर शेकडो निरुपयोगी फाइली निघतात आणि त्यांत तुमचे फोटो हरवतात.

शेवटी Browse करून रिकामा फोल्डर दाखवा, कार्डावरचा कधीही नाही, आणि Search दाबा.

हे सॉफ्टवेअर यादी बघतच नाही. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत मजकूर वाचतं आणि जेपीईजीची ओळखखूण शोधतं. प्रत्येक जेपीईजी फाइल `FF D8 FF` या तीन बाइटांनी सुरू होते. ते दिसले की इथून फोटो सुरू झाला असं धरून पुढचा सलग मजकूर उचलायचा. यादीच नसल्याने फोटोचं मूळ नाव आणि फोल्डर परत येत नाहीत. DSC_2141 असं नाव कायमचं गेलं. पण कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, किती शटर हे फोटोच्या पोटात लिहिलेलं असतं, ते सगळं येतं.

आलेला ढीग वाचायचा कसा

फोटो `recup_dir.1`, `recup_dir.2` अशा फोल्डरांत पडतात आणि `f0280064.jpg` अशी नावं असतात. हा आकडा निरर्थक नाही. फोटो कार्डावर कितव्या सेक्टरवर सुरू झाला तो तो क्रमांक आहे, आणि एक सेक्टर ५१२ बाइटांचा. म्हणजे नावाने क्रम लावला की कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं भरलंय त्याचा नकाशा मिळतो.

भाच्याच्या कार्डावर पहिला फोटो `f0016384.jpg`, आणि तिथून ओळीने गोदाघाटाचे १४. त्यानंतरची पहिली फाइल `f0280064.jpg`, ती शनिवारची. २,८०,०६४ गुणिले ५१२ म्हणजे सुमारे १४ कोटी ३४ लाख बाइट, १४३ एमबी. घाटाचे फोटो तर १३५ एमबीच्या आसपास संपत होते. मधले आठेक एमबी कुठे गेले? तिथे शनिवारचा असा एक फोटो होता की ज्याचं डोकंच घाटाच्या शेवटच्या फोटोखाली गेलं होतं. `FF D8 FF` पुसलं गेलं, त्यामुळे बाकीचा मजकूर शाबूत असूनही तो सापडला नाही. शेवटचा नवा फोटो जिथे संपतो तिथला एक जुना फोटो असा जातो, हे गृहीतच धरा.

पुढे साधारण साडेपाच जीबीपर्यंत शनिवारचे पक्षी. आणि त्याच्यापुढे भलतंच काही निघालं : दिवाळीतली पणत्यांची रांग, कॉलेजचं संमेलन, एका मित्राच्या बहिणीचा साखरपुडा. मागची फॉरमॅट झालेली सत्रं खाली थर धरून पडलेली असतात. ज्या जागेवर नवीन काही आलं नाही, तिथे वर्षभरापूर्वीचेही फोटो सापडतात. म्हणून जुनं कार्ड कुणाला द्यायचं किंवा विकायचं असेल तर आधी ते पूर्ण फॉरमॅट करा, साधं नाही.

तारखेप्रमाणे वेगळे करायला मी ExifTool नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. विंडोजसाठीची फाइल `exiftool(-k).exe` अशी येते, तिचं नाव बदलून `exiftool.exe` करावं लागतं. त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून :

```
exiftool -r "-Directory<DateTimeOriginal" -d "D:/tarikh/%Y-%m-%d" D:/parat
```

`D:/parat` म्हणजे जिथे सापडलेले फोटो आहेत ती जागा. ही आज्ञा प्रत्येक फोटो त्याच्या तारखेच्या फोल्डरमध्ये हलवते. नावं `t` ने सुरू होणारी छोटी चित्रं ही मोठ्या फोटोंच्या पोटातली झलक असतात. ज्यांना तारीख नसते ती मागेच राहतात, त्यामुळे ढीग आपोआप निवडला जातो.

किती परत आले हे कसं कळतं

मोजायला काही आधार हवा. भाच्याच्या लॅपटॉपवर त्या आधी उतरवलेला शेवटचा फोटो DSC_2140 होता, आणि घाटावरचा पहिला DSC_2753. त्याच्या कॅमेऱ्यात नंबर फॉरमॅटनंतरही पुढे चालू ठेवायचं सेटिंग आहे. म्हणजे शनिवारी ६१२ वेळा शटर दाबलं गेलं. त्यातले तीसेक हललेले फोटो त्याने काठावर बसल्या बसल्याच डिलीट केले होते.

मिळाले ५७०. त्यातले ५६१ धड. उरलेल्या ९ फोटोंचा वरचा अर्धा भाग ठीक, खालचा करडा किंवा दुसऱ्याच फोटोच्या रंगांचा. असं का झालं, त्याचं उत्तर त्या डिलीट करण्यात आहे. मधले फोटो काढून टाकले की कार्डावर खड्डे पडतात, आणि पुढचा फोटो काही खड्ड्यात आणि काही पुढच्या मोकळ्या जागेत असा तुकड्यांत लिहिला जाऊ शकतो. तुकडे जोडायची माहिती यादीत असते, ती गेली. शोधणारा सलग उचलतो, म्हणून अर्धा एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा. फिरतीवर फोटो डिलीट करू नका असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच. जागा कमी पडत असेल तर दुसरं कार्ड लावा.

तपासताना एक फसवणूक होते. फोल्डरमध्ये दिसणारी छोटी चित्रं फोटोच्या सुरुवातीला दडलेल्या झलकेवरून बनलेली असू शकतात. झलक सुंदर आणि फोटो अर्धा करडा, असं होतं. म्हणून महत्त्वाचे फोटो पूर्ण आकारात उघडून खालच्या कडेपर्यंत बघा. पैसे मागणारी काही सॉफ्टवेअरं फुकट आवृत्तीत अशी झलक दाखवतात आणि परत मिळवायचे तर पैसे भरा म्हणतात. झलक दिसली म्हणजे फोटो मिळणार, असं नाही. आधी PhotoRec चालवून बघा. खूप तुकडे झालेले व्हिडिओ असतील तर मात्र ते कमी पडतं, तिथे त्या कामाच्या माणसाकडे `image.dd` घेऊन जा, कार्ड घरीच ठेवा.

सगळं तपासून, फोटो दोन ठिकाणी ठेवून झाल्यावरच कार्ड परत वापरायला घ्या. `image.dd` मात्र महिनाभर तरी राहू द्या, कारण एखादा फोटो राहिल्याचं नंतरच आठवतं.

भाच्याने आता एका कार्डावर पिवळी चिकटपट्टी लावलीय, आणि उतरवून झालेलं कार्ड तो डबीत उलटं ठेवतो. गेलेले पहिले पंधरा फोटो पहाटेच्या धुक्यातले होते. त्यासाठी येत्या शनिवारी पाच वाजता निघायचं ठरलंय, मीही जातोय.